'प्रति सर्व्हिंग'च्या आकड्याला भुलू नका

धाराशिव असो, कळंब असो की तुळजापूर, बसस्थानकावर शेव-फरसाणची पाकिटं लटकलेली असतात. बीपी असलेली माणसं आता पाकीट उलटं करून मीठ किती आहे ते बघतात. चांगलंच आहे. पण आकडा 'किती ग्रॅमला' दिलाय ते बघितलं नाही, तर त्या बघण्याचा उपयोग शून्य.

समजा, दोन पाकिटं आहेत, दोन्ही १५० ग्रॅमची. पहिल्यावर लिहिलंय, सोडियम २४० मिलिग्रॅम. दुसऱ्यावर ७०० मिलिग्रॅम. कुणीही पहिलंच उचलेल. पण पहिल्याचा आकडा 'प्रति सर्व्हिंग' म्हणजे ३० ग्रॅमचा आहे आणि दुसऱ्याचा १०० ग्रॅमचा. हिशेब सोपा आहे. २४० ला ३० ने भागा आणि १०० ने गुणा. ८०० आले. म्हणजे कमी वाटलेलं पाकीटच जास्त खारट निघालं!

आता पुढचं. ३० ग्रॅम शेव म्हणजे जेमतेम मूठभर. गाडी येईपर्यंत पाकीट संपतं, म्हणजे पाच सर्व्हिंग पोटात. २४० गुणिले पाच, १२०० मिलिग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं, ३ ग्रॅम. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची. निम्म्याहून जास्त मीठ स्टँडवरच संपलं, घरची भाकरी-भाजी अजून बाकीच आहे.

खरी मेख टक्क्यांत आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे दिवसाच्या गरजेची टक्केवारी (आरडीए) 'प्रति सर्व्ह' द्यायची असते. त्यामुळे एकाच तक्त्यात ग्रॅम-मिलिग्रॅमचे आकडे १०० ग्रॅमचे आणि टक्के मात्र ३० ग्रॅमचे, असं होतं. वरच्या पाकिटावर '१२ टक्के' दिसेल. माणसाला वाटतं पाकिटाचे १२ टक्के. प्रत्यक्षात आहेत ६०.

प्रति सर्व्हिंग आकडा वाईटच असतो असं नाही. लोणच्याचा १०० ग्रॅमचा आकडा बघून घाबराल, पण ताटात येते एक फोड. म्हणून दोन वस्तूंची तुलना करताना १०० ग्रॅमचा आकडा धरा, आणि स्वतःच्या पोटाचा हिशेब करताना आपण खरंच किती ग्रॅम खातो ते धरा. कंपनीने ठरवलेली सर्व्हिंग दोन्हीकडे धरू नका.

माझं म्हणणं एवढंच, की जे पाकीट एका बैठकीत संपतं, त्यावर अख्ख्या पाकिटाचा आकडा आणि टक्के ठळक छापणं सक्तीचं करा. पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. तो इशाराही सर्व्हिंगच्या मापाने आला, तर छापून न छापल्यासारखाच. भागाकार गिऱ्हाईकाने का करायचा? माल विकणाऱ्याने करावा.