सोसायटीचा रॅम्प नियमात आहे का? पाणसळ आणि एका फोटोतून असा काढा उतार

इमारतीच्या दारात तीन पायऱ्या असतात आणि शेजारी व्हीलचेअरसाठी रॅम्प. तो ‘जरा जास्तच चढाचा आहे’ असं रहिवासी म्हणतात, कंत्राटदार ‘नियमाप्रमाणेच आहे’ म्हणतो आणि वाद तिथेच थांबतो. खरं तर हा वाद आकड्याचा आहे. व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हा आपल्याकडच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमधला परिचित निकष आहे. म्हणजे १ सेंटीमीटर चढायला किमान १२ सेंटीमीटर आडवी लांबी हवी. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर धरली, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. जागा वाचवायची म्हणून नेमकी हीच लांबी कापली जाते.

हा आकडा काढायला सर्व्हेअर लागत नाही. गवंड्याकडची दोन फुटी पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल, आणि बाजूने काढलेला एक फोटो पुरतो.

नुसता फोटो मात्र पुरत नाही. फोन हातात धरताना एखाद्या अंशाने तिरका होतो आणि ते कळतही नाही. १:१२ चा उतार म्हणजे जेमतेम ४.८ अंश. त्यात एका अंशाची चूक झाली, तर निकाल सहज उलटतो. फोटोत खरी आडवी रेषा कुठली, हे दाखवणारं काहीतरी हवं. पाणसळ तेच काम करते.

पाणसळ रॅम्पच्या कडेला, उताराच्या दिशेने ठेवायची. वरच्या बाजूचं टोक रॅम्पला टेकलेलं राहू द्यायचं आणि खालच्या बाजूचं टोक बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत उचलायचं. आधाराला पुठ्ठ्याच्या घड्या किंवा टाइलचे तुकडे चालतात. आधार टोकापासून थोडा आत सरकवावा, म्हणजे टोकाखालची फट मोकळी दिसेल. मग तीन-चार मीटर मागे जाऊन, फोन पाणसळीच्या उंचीवर खाली आणून, अगदी समोरून फोटो काढायचा. त्यासाठी बहुधा जमिनीवर बसावं लागेल. पाणसळ लहान दिसत असेल तर २x झूम करावा. ०.५x ची वाइड लेन्स टाळावी, ती कडेच्या सरळ रेषा वाकवते.

आता मोजणी. फोटो कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडला की कर्सर जिथे असेल तिथले पिक्सेल खाली कोपऱ्यात दिसतात. पहिला आकडा डावीकडून, दुसरा वरून मोजलेला. समजा, रॅम्प उजवीकडे चढतो आहे. पाणसळीच्या खालच्या कडेचं डावं टोक ६००, १५०० वर आहे आणि रॅम्पला टेकलेलं उजवं टोक ३०००, १५४२ वर. डाव्या टोकाच्या बरोबर खाली रॅम्प ६००, १७४० वर दिसतो.

पाणसळ न ठेवता हाच फोटो मोजला असता तर? रॅम्प १७४० पासून १५४२ पर्यंत, म्हणजे १९८ पिक्सेल चढला आणि आडवं अंतर २४०० पिक्सेल. उतार १:१२.१. रॅम्प पास. पण फोटोत पाणसळ उजवीकडे ४२ पिक्सेल खाली झुकलेली आहे. बुडबुडा मध्ये असल्यामुळे ती प्रत्यक्षात आडवीच होती, फोन एका अंशाने कलला होता. म्हणून मोजायची ती पाणसळीखालची फट: १७४० वजा १५००, म्हणजे २४० पिक्सेल. २४०० भागिले २४०, उतार १:१०. रॅम्प नापास.

फट आणि पाणसळ एकाच फोटोत, एकाच तिरकेपणाने आल्यामुळे फोनचा कल वजा होतो. सेंटीमीटरचीही गरज नाही, कारण आपण फक्त गुणोत्तर काढतो. प्रत्यक्षातही ६० सेंटीमीटरच्या पाणसळीखाली १:१० ला ६ सेंटीमीटर आणि १:१२ ला ५ सेंटीमीटर फट पडते. मग टेपनेच का मोजू नये? जरूर मोजावी. फोटोचा फायदा असा की बुडबुड्याचा जवळून काढलेला आणखी एक फोटो सोबत जोडला, की समोरच्याला तीच मोजणी स्वतः करून बघता येते. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप थेट रॅम्पवर ठेवून वापरताना मात्र जपून, कारण मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसत नाही.

आणखी एक नेहमीची गल्लत. १:१० म्हणजे १० टक्के उतार, १० अंश नव्हे. अंशात तो ५.७ भरतो. तक्रारीत गुणोत्तरच लिहावं.

सगळ्यात जास्त फसवतो तो कोपऱ्यातून काढलेला फोटो. कॅमेरा समोर नसून बाजूला सरकला की आडवी लांबी आकसते, उंची मात्र तेवढीच राहते. त्यामुळे रॅम्प आहे त्याहून तीव्र दिसतो. ३० अंश बाजूने पाहिलं तर नियमात बसणारा १:१२ चा रॅम्पही जवळपास १:१०.४ दिसेल, आणि कंत्राटदार अशा फोटोवर हसला तर त्याचं चुकलं म्हणता येणार नाही. याची परीक्षा फोटोतच होते. पाणसळीच्या दोन्ही टोकांची जाडी पिक्सेलमध्ये मोजावी. ती सारखी हवी. शिवाय ६० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर जाड पाणसळ फोटोतही जाडीच्या १२ पट लांब दिसली पाहिजे. साडेदहा पटच भरली, तर फोटो पुन्हा काढावा.

पाणसळ रॅम्पच्या मध्यावर ठेवून कड मोजणं हीदेखील चूकच. कड कॅमेऱ्याला जवळ, पाणसळ लांब, त्यामुळे फटीचा हिशेब बिघडतो. कडेला कठडा असेल आणि रॅम्पची कड दिसतच नसेल, तर फोटोचा नाद सोडून टेप घ्यावी.

पाणसळीवर आंधळा विश्वास नको. ती एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग टोकं उलटसुलट करून त्याच जागी ठेवावी. बुडबुडा पहिल्यासारखाच राहिला तर पाणसळ ठीक. नाही तर दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. तरीही मोठी चूक येते ती खालच्या पृष्ठभागातून. सिमेंटचा ५ मिलिमीटरचा एखादा गोळा १:१२ चा रॅम्प १:११ किंवा १:१३ दाखवू शकतो. म्हणून तळाशी, मध्ये आणि वर अशा किमान तीन जागी मोजावं. रस्त्यावर ही अडचण वाढते. १:३० च्या उताराला ६० सेंटीमीटरमध्ये फट जेमतेम २ सेंटीमीटर पडते, तिथे तेच ५ मिलिमीटर पाव हिस्सा खातात. अशा वेळी पाणसळ दोन मीटरच्या सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर ठेवून, पट्टीखालची फट मोजावी लागते.

वरच्या उदाहरणातला रॅम्प तिन्ही जागी १:१० आला, असं धरू. ४५ सेंटीमीटर उंचीला तो ४.५ मीटर लांब आहे. हवी होती ५.४ मीटर. सोसायटीच्या अर्जात ‘रॅम्प चढाचा आहे’ यापेक्षा ‘९० सेंटीमीटर लांबी कमी आहे’ असं लिहावं, आणि तिन्ही फोटो सोबत जोडावेत.