ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा



आमच्या तालुक्यातल्या एका रस्त्याच्या भांडणापासून सुरुवात करू. मागच्या शेतातल्या शेतकऱ्याची बंडी पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या शेताच्या धुऱ्यावरून जात होती. एका साली पुढच्याने धुऱ्यावर काटे टाकले. मागच्याची पऱ्हाटी फुटली, पण कापूस घरी आणायला वाट नाही. गाठोडी डोक्यावर घेऊन बायामाणसांनी नाल्यातून वाट काढली. शेवटी त्याने तहसीलदाराकडे अर्ज केला.

जमीन महसूल संहितेचे 143 वे कलम यासाठीच आहे. धुऱ्यावरून वाट मागणाऱ्याचा दावा तहसीलदाराने चौकशी करून ठरवायचा आणि ठरवताना शेतात जाण्यायेण्याची रास्त गरज पाहायची, असे ते सांगते. तहसीलदाराने चार तारखा घेतल्या. चौथ्या तारखेला त्यांनी पुढच्या शेतकऱ्याला सरळ विचारले, "तुमची स्वतःची बंडी शेतात कुठून जाते?" तो अडखळला आणि म्हणाला, "त्याच धुऱ्यावरून." कचेरीत उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. प्रकरण आदेशासाठी बंद झाले.

आदेशाआधीच साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. त्यांनी रोजनामा उघडला. त्यात एवढेच लिहिले होते : उभय पक्ष हजर, युक्तिवाद ऐकला, आदेशासाठी बंद. "त्याच धुऱ्यावरून" हे दोन शब्द कुठेच नव्हते. नव्या साहेबांनी मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. मंडळ अधिकारी भर पावसाळ्यात, कुणाला नोटीस न देता जाऊन आले. ज्वारी कमरेएवढी झालेली आणि धुऱ्यावर गवत माजलेले. वैशाखात आले असते तर खडकात चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आंधळ्यालाही हाताने चाचपता आल्या असत्या. अहवालात लिहिले, "रस्ता अस्तित्वात दिसून येत नाही." आदेश निघाला : अर्ज नामंजूर. आणि आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात छापील वाक्य होतेच : "उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले."

आम्ही विचारतो, कुणी ऐकले? ज्याने ऐकले त्याने ठरवले नाही. ज्याने ठरवले त्याने ऐकले नाही. ज्याने पाहिले त्याला ठरवायचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याने पाहिले नाही. तीन माणसांनी मिळून एक न्याय केला आणि त्यातला एकही त्याला जबाबदार नाही. मंडळ अधिकारी म्हणतो, मी फक्त अहवाल दिला. साहेब म्हणतात, मी अहवालावर विसंबलो.

हे आम्ही रागाने बोलत नाही. देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाने हेच म्हटलेले आहे. आंध्र प्रदेशात खाजगी मोटारवाल्यांचे मार्ग सरकारी महामंडळाकडे घेण्याची योजना निघाली. मोटारवाल्यांनी हरकती घेतल्या. त्या ऐकल्या खात्याच्या सचिवाने आणि योजनेला मंजुरी दिली मुख्यमंत्र्यांनी. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1958 साली न्यायालयाने बहुमताने तो मंजुरीचा आदेश रद्द केला. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर सुनावणी म्हणजे नुसता देखावा उरतो, हा त्या निकालाचा गाभा. सुनावणीत सांगणारा माणूस ठरवणाऱ्याच्या मनातली शंका समोरासमोर दूर करू शकतो आणि साक्षीदार कसा बोलतो हे ठरवणाऱ्याला दिसते. कागदावर यातले काही उतरत नाही. पुढे मुख्यमंत्र्यांनी स्वतः हरकती ऐकून पुन्हा मंजुरी दिली. ती मंजुरी त्याच न्यायालयाने 1959 साली कायम ठेवली. म्हणजे मोटारवाले शेवटी हरलेच, पण ज्याने ऐकले त्याच्यासमोर हरले.

बदलीचे निमित्तही चालत नाही. परदेशी मालावरच्या शुल्काच्या एका चौकशीत, टायर कारखानदारांच्या संघटनेच्या प्रकरणात, असेच घडले होते. सुनावणी एका अधिकाऱ्यापुढे झाली, तो बदलला, आणि नव्याने पुन्हा न ऐकताच निष्कर्ष दिला. हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगितले. जे कारखानदाराला लागू, ते कास्तकाराला का नाही?

साहेबलोक म्हणतील, एवढी प्रकरणे, सगळे आम्हीच कसे पाहणार? हा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेतही तो आला होता. कॅन्सस सिटीच्या जनावरांच्या बाजारात अडत्यांनी किती अडत घ्यावी हे तिथल्या कृषिमंत्र्याने ठरवले. चौकशीचे कागद हजारो पाने. अडत्यांनी तक्रार केली की मंत्र्याने न वाचताच सही केली. 1936 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्गन प्रकरणात सांगितले, की हाताखालच्यांनी पुरावा गोळा करावा, निवडावा, मांडावा. पण ठरवणाऱ्याने तो पुरावा स्वतः मनात घेतला पाहिजे. 1938 साली तेच प्रकरण परत आले, तेव्हा मंत्र्याचा आदेशच रद्द झाला. कारण खात्याने तयार केलेले निष्कर्ष अडत्यांना दाखवलेच नव्हते; त्यांना उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. अहवाल मागवणे हा गुन्हा नाही. अहवाल लपवून त्यावर निकाल देणे हा अन्याय आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा नियम सगळीकडे सारखा चालत नाही. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात कायद्यानेच दोन माणसे नेमली आहेत : हरकती कलेक्टरने ऐकायच्या, शिफारशीसह अहवाल पाठवायचा आणि निर्णय सरकारने घ्यायचा. तिथे "मंत्र्याने मला ऐकले नाही" एवढे म्हणून भागणार नाही. तिथे भांडायचे ते अहवालावर. आमची प्रत्येक हरकत त्यात उतरली का? ती का फेटाळली, याचे कारण आहे का? तसेच, सगळे म्हणणे लेखी नोंदलेले असेल, माणूस बदलल्यावर कुणी हरकत घेतली नसेल आणि नुकसान दाखवता येत नसेल, तर कोर्ट दरवेळी आदेश मोडीत नाही.

म्हणून गप्प बसणे हीच आपली सर्वात महाग चूक. त्या रस्त्याच्या प्रकरणात नवे साहेब आल्याबरोबर एक साधा अर्ज द्यायला हवा होता : "आमची सुनावणी आपल्यापुढे झालेली नाही, आदेशापूर्वी आम्हाला ऐकावे." त्याच्या प्रतीवर पोच घ्यायला हवी होती. सुनावणीच्या दिवशीच "त्याच धुऱ्यावरून" हे शब्द लेखी म्हणण्यात घालून दप्तरी दाखल करायला हवे होते. रोजनाम्याच्या भरवशावर राहायला नको होते. स्थळपाहणी दोन्ही पक्षांना नोटीस देऊन करावी, अहवालाची नक्कल द्यावी आणि त्यावर म्हणणे मांडायला तारीख द्यावी, हे मागायला हवे होते.

आणि आदेश हातात आला की आधी तीन गोष्टी ताडून पाहा : शेवटच्या सुनावणीची तारीख, त्या दिवशी खुर्चीत कोण होते आणि आदेशाखाली सही कुणाची. नावे जुळत नसतील, तर अपिलातला पहिला मुद्दा तोच लिहा.

त्या शेतकऱ्याने अपील केले आहे. यंदाचा कापूसही नाल्यातून डोक्यावरच येणार. आमची मागणी एका ओळीची आहे : सही करणाऱ्या साहेबांनी वैशाखात त्या धुऱ्यावर एकदा पाय ठेवावा, आणि मग काय लिहायचे ते लिहावे.