संविधान दिनाचे भाषण : ‘सर्वांना चालेल असं’ म्हणजे नेमकं कसं?

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की कारखान्यांत, बँकांत, खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांचे फोन आम्हाला येऊ लागतात. एचआरकडून निरोप आलेला असतो : २६ तारखेला उद्देशिकेचे वाचन आहे, त्यानंतर पाच मिनिटे तुम्ही बोला, ‘पण सर्वांना चालेल असं बोला.’ अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. स्वातंत्र्य दिनाला बोलणाऱ्याला ही सूचना कुणी देत नाही. संविधान दिनाला ती आठवणीने दिली जाते, आणि ती कुणाला उद्देशून असते हेही सगळ्यांना कळते.

या सूचनेपुढे आपले लोक सहसा दोनपैकी एक वाट धरतात. पहिली वाट गाळण्याची. विविधतेत एकता, हक्कांबरोबर कर्तव्ये, देशाची प्रगती असे बोलून मोकळे व्हायचे. त्यात बाबासाहेबांचे नाव एकदा ओझरते येते, कधी तेही येत नाही. टाळ्या पडतात, कारण कुणालाच काही ऐकू गेलेले नसते. दुसरी वाट सभेची. विहारातल्या किंवा चौकातल्या सभेचे भाषण जसेच्या तसे उचलून कंपनीच्या आवारात करायचे. पण सभेला आलेला माणूस आपल्या पायाने आलेला असतो. पटले नाही तर उठून जातो. कंपनीतला श्रोता ड्युटीवर उभा असतो. त्याला जाता येत नाही आणि तिथल्या तिथे उत्तरही देता येत नाही. अशा माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे शौर्य नव्हे. तो आपले ऐकणे तिथेच बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आपल्यामागे बोलतो.

आमचे म्हणणे असे की आदर राखणे म्हणजे सत्य गाळणे नव्हे. जे सांगायचे ते पूर्ण सांगावे, पण समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ‘हे माझ्याविषयी आहे’ असे वाटेल अशा जागेवरून सांगावे. कामाच्या ठिकाणी ती जागा शोधावी लागत नाही. ती म्हणजे काम.

त्याआधी भाषणात हमखास होणाऱ्या तीन चुका टाळल्या पाहिजेत, कारण एक चूक पकडली गेली की उरलेले चार मुद्दे वाया जातात. पहिली : २६ नोव्हेंबरला ‘संविधान लागू झाले’ असे म्हणणे. १९४९ साली या दिवशी संविधान सभेने ते स्वीकारले. नागरिकत्व, निवडणुका अशी मोजकी कलमे त्याच दिवशी अमलात आली आणि बाकीचे संविधान २६ जानेवारी १९५० पासून. दुसरी : ‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे काम आठ तासांवर आणले’ हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर. त्यामागे खरी गोष्ट आहे, पण आकडे वेगळे आहेत आणि खरे आकडेच जास्त उपयोगाचे आहेत. तिसरी : ‘संविधान एकट्याने लिहिले’ हे वाक्य. विरोधक याच वाक्याची वाट पाहत असतो. बाबासाहेबांची थोरवी या वाक्यावर अवलंबून नाही, म्हणून ते वापरायची गरजच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. चाकण परिसरातला एखादा कारखाना. पाळी बदलायच्या वेळी दीडशे माणसे आवारात उभी आहेत : ऑपरेटर, कार्यालयातले कर्मचारी, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार, दोन-चार व्यवस्थापक. बोलायला पाच मिनिटे आहेत. अशा ठिकाणी आम्ही पुढीलप्रमाणे भाषण सुचवू :

‘सर्वांना नमस्कार, जय भीम. आपण आत्ता उद्देशिका वाचली. तिची सुरुवात “आम्ही” या शब्दाने होते आणि शेवटी आपण म्हटले की हे संविधान आम्ही स्वतःलाच अर्पण करत आहोत. हे कुण्या राजाने आपल्याला दिलेले नाही. आपण आपल्याला दिलेला हा शब्द आहे.

‘या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांच्या कामाविषयी त्यांच्या एका सहकाऱ्याचीच साक्ष ऐका. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले, की समितीवर सात जण नेमले होते. पण एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, कुणी दुसऱ्या कामात अडकले, कुणी दिल्लीपासून दूर होते, आणि अखेर मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवरच पडला. मग २५ नोव्हेंबर १९४९ ला स्वतः बाबासाहेब काय म्हणाले? त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना आणि रात्र रात्र जागलेल्या कर्मचाऱ्यांना श्रेय दिले. ज्याने भार उचलला त्याने श्रेय वाटून टाकले. आपल्यापैकी प्रत्येकाने असा साहेब मिळावा अशी इच्छा केली असेल.

‘आता आपल्या पंचिंग कार्डाकडे पाहू. १९३४ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बारमाही चालणाऱ्या कारखान्यात आठवड्याला चोपन्न तास काम करून घेता येत होते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली चोपन्नचे अठ्ठेचाळीस तास झाले. त्याच्या आदल्या वर्षी कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क कायद्याने मिळाला, तोही त्यांच्याच कार्यकाळात. आठवड्याचे सहा तास मोकळे झाले. त्या सहा तासांत कुणी मुलांचा अभ्यास घेतला असेल, कुणी झोप काढली असेल. ते तास देताना कुणाची जात विचारली नव्हती, धर्म विचारला नव्हता, गाव विचारले नव्हते.

‘याच संविधानात सतरावे कलम आहे. ते सांगते की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. हे कलम कोणत्याही जातीविरुद्ध नाही, ते एका प्रथेविरुद्ध आहे. त्यामुळे ते पाळणे हे एका समाजाचे काम नाही. आडनाव कळल्यावर आपला बोलण्याचा सूर बदलला नाही, डबा उघडताना आपण जागा बदलली नाही, की ते कलम आपल्या कँटीनमध्ये पोहोचले असे समजावे. उद्देशिकेत यालाच बंधुता म्हटले आहे. जय संविधान, जय भारत.’

सावकाश बोलले तर एवढ्याला चार मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागतो. उरलेला वेळ उरू द्यावा. यात कुणावर आरोप नाही, पण गाळलेलेही काही नाही : बाबासाहेब आहेत, सतरावे कलम आहे, जातही आहे. क्रम मात्र मुद्दाम ठरवलेला आहे. आधी सहकाऱ्याची साक्ष, मग सगळ्यांच्या खिशातले सहा तास, आणि त्यानंतर सतरावे कलम. सहा तासांचा हिशेब ऐकलेला माणूस सतरावे कलम ऐकताना ‘हे त्यांचे’ म्हणून तोंड फिरवत नाही. हाच क्रम उलटा केला तर अर्धे आवार पहिल्याच मिनिटाला हातातून जाते.

कार्यालय वेगळे असेल तर मधला भाग बदलावा. जिथे महिला कर्मचारी जास्त आहेत तिथे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी दिलेला पाठिंबा सांगता येईल. पण दोन्ही सांगू नयेत. पाच मिनिटांत एकच गोष्ट लक्षात राहते.

‘जय भीम’ म्हणावे की नाही, हे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणावे. ते आपले अभिवादन आहे आणि नमस्काराशेजारी ते सहज शोभते. पण समोरून उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणू नये. प्रत्युत्तर वसूल केले की अभिवादनाची हजेरी होते.

मुंबईत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. २६ नोव्हेंबर हा २००८ च्या हल्ल्यातील शहीद आणि बळी गेलेल्या नागरिकांच्या स्मरणाचाही दिवस आहे. काही ठिकाणी या दोन स्मरणांची स्पर्धा लावली जाते आणि वेळ नाही म्हणून संविधान वगळले जाते. त्यावर भांडण्यापेक्षा आपणच क्रम सुचवावा : आधी दोन मिनिटे स्तब्धता, मग उद्देशिका, मग भाषण. श्रद्धांजलीला दोन मिनिटे लागतात, संविधानाला दहा. दोन्ही सहज बसतात.

‘सर्वांना चालेल’ यातले ‘सर्व’ कोण, हा प्रश्न मात्र आपण व्यवस्थापनाला विचारलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी सुरक्षारक्षक गेटवर असतो, सफाई करणाऱ्या मावशी आवार झाडून बाजूला झालेल्या असतात, कँटीनची मुले आत चहा गाळत असतात. ज्यांच्यासाठी अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा सर्वांत मोलाची, तेच कार्यक्रमाला नसतात. वक्ता म्हणून एकच अट घालावी : कंत्राटी माणसांनाही बोलवा, आणि उद्देशिका एकट्या साहेबांनी वाचण्याऐवजी ओळी वाटून चार जणांनी वाचावी. वाचणाऱ्याला आदल्या दिवशी विचारावे आणि कागद हातात द्यावा. ऐन वेळी माईक पुढे करून कुणाची फजिती करू नये.

भाषणानंतर कुणीतरी आरक्षणावर टोमणा मारेल, हे धरून चालावे. त्याचे उत्तर माईकवरून देऊ नये आणि माफीच्या सुरातही देऊ नये. ‘बसून बोलू’ म्हणावे आणि खरोखर बसावे. सोळाव्या कलमाच्या चौथ्या खंडात ‘पुरेसे प्रतिनिधित्व’ हा शब्द आहे. तो मुद्दा समजावायला वीस मिनिटे लागतात आणि ती चहाच्या टेबलावरच मिळतात.

भाषण जमले की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या वेगळ्या समाजातल्या सहकाऱ्याने ‘ते चोपन्न तासांचं खरं आहे का?’ असे विचारले तर जमले. ‘छान बोललात’ एवढेच ऐकू आले तर आपण बहुधा काहीतरी गाळले आहे.

भाषणाने पगारातली तफावत जात नाही, बढतीतला अन्याय जात नाही. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशीच दिला होता. कारखान्याचे आवार ही त्या विसंगतीची रोजची जागा आहे. वर्षातून एकदा त्याच आवारात, त्याच माणसांसमोर, पाच मिनिटे माईक आपल्या हातात येतो. तो गुळमुळीत बोलण्यात घालवू नये आणि रागातही घालवू नये. पुराव्याने बोलावे, सर्वांशी बोलावे.

जय भीम! जय संविधान!