अप्रिय चित्राची फिर्याद आणि तिची शहानिशा

कलास्वादाचे धडे घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘तुम्हांस आवडलेल्या कलाकृतीवर निबंध लिहा’ असे सांगण्याची आपल्याकडे पूर्वापार वहिवाट आहे, आणि त्या वहिवाटीतून किती विशेषणे निपजतात व त्यांतली किती निरीक्षणाने कमावलेली असतात, हे असे निबंध तपासणाऱ्यांस पुरते ठाऊक असते. या वहिवाटीच्या उलट, जी कलाकृती आपणांस मनापासून अप्रिय आहे तिच्याविषयी न्यायाने लिहा, असा विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे माझे मत आहे. आणि या मतावर जे आक्षेप वारंवार ऐकू येतात त्यांचा समाचार आधी घेतल्याखेरीज मंडनाकडे वळणे हे आपल्या शास्त्रार्थाच्या रीतीस सोडून होईल.

पहिला आक्षेप सहृदयतेचा. काव्याचा अधिकारी सहृदय, ज्याचे हृदय कलाकृतीशी एकरूप होत नाही त्याने तिच्याविषयी बोलूच नये, असे म्हणणारे विद्वान अभिनवगुप्ताचा हवाला देतात. परंतु ज्या अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगितले त्यानेच नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, हे ते सोयीस्करपणे विसरतात. त्या विघ्नांपैकी काही प्रेक्षकाच्या ठिकाणी असतात: तो स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो, किंवा समोरच्या प्रसंगाला आपल्या अथवा परक्याच्या विशिष्ट स्थलकालाशी जखडून टाकतो. काही विघ्ने मात्र प्रयोगातच असतात: दाखविले ते संभवनीय वाटत नाही, किंवा ते स्पष्टपणे प्रतीत व्हावे अशी साधनेच अपुरी पडतात. म्हणजे रस न येणे ही गोष्ट शास्त्रकारांना अपरिचित नव्हती, आणि ‘विघ्न कोणाच्या घरचे?’ हा प्रश्न विचारणे म्हणजेच मी विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ इच्छितो तो अभ्यास होय.

दुसरा आक्षेप सौजन्याचा. आवडत नसेल तर गप्प बसावे, म्हणजे कोणाचे मन दुखत नाही. चित्रकार हयात असून नवशिका असेल तर या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. परंतु ज्याची कीर्ती घरोघर पोहोचली आहे, अशाविषयी पाळलेले मौन हे सौजन्याचे नसून बहुधा आळसाचे असते.

तिसरा आक्षेप, किंबहुना तिसरा उपाय, समतोलाचा, आणि हाच मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो निष्पक्षपातीपणाचा अंगरखा घालून येतो. दोन गुण लिहावेत, दोन दोष लिहावेत, आणि ‘एकंदरीत प्रयत्न स्तुत्य आहे’ असा शेवट करावा! न्यायाधीशाने प्रत्येक खटल्यात अर्धी मालमत्ता वादीस आणि अर्धी प्रतिवादीस द्यावी, तसा हा प्रकार आहे. असला निवाडा देण्यास कागदपत्र वाचण्याची गरजच पडत नाही. चित्र खरोखरच वाईट असेल तर ते वाईट आहे असे पूर्ण बळानिशी म्हणण्याचा अधिकार टीकाकाराला आहे; फक्त तो अधिकार कमवावा कसा, एवढाच प्रश्न उरतो.

तो कसा कमवावा हे एका उदाहरणाने पाहू. राजा रविवर्मा यांचे १८९८ सालचे ‘शकुंतला’ हे तैलचित्र, जे आज तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा कलादालनात आहे, मला आवडत नाही. दोन सख्यांसह जाणारी शकुंतला पायातला काटा काढण्याचे निमित्त करून थबकते आणि मागे वळून दुष्यंताकडे पाहते, हा त्याचा विषय. या चित्रावर लिहिण्यास सांगितले असता ते न आवडणारा विद्यार्थी पहिल्या मसुद्यात बहुधा असे लिहितो: ‘चित्र भडक व नाटकी असून त्यात भारतीय आत्म्याचा अभाव आहे.’ हे वाक्य रविवर्म्यांच्या दुसऱ्या कोणत्याही पौराणिक चित्राखाली जसेच्या तसे चिकटविता येते, आणि म्हणूनच ते या चित्राविषयीचे वाक्य नव्हे. माझी पहिली कसोटी हीच. जो दोष एका अक्षराचाही फरक न करता शेजारच्या चित्रावर ढकलता येतो, तो पाहणाऱ्याने घरूनच आणलेला असतो.

दुसरा मसुदा वर्णनाचा, आणि त्यात मूल्यवाचक विशेषणास सक्त मनाई. काय दिसते तेवढेच लिहायचे. एक पाऊल उचललेले आहे, तोल सावरण्यासाठी हात सखीच्या खांद्यावर आहे, मान मागे वळली आहे, आणि ज्याच्याकडे दृष्टी गेली आहे तो राजा चित्रात कोठेच नाही. हे वर्णन चित्राच्या चाहत्यासमोर ठेवावे. त्याला एकाही शब्दावर हरकत घेता येऊ नये. येथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ‘लाडिक नजर’ किंवा ‘गोंडस पाऊल’ असे शब्द निकालाला वर्णनाच्या वेषात आत घुसवितात, आणि विद्यार्थ्याला आपण निकाल आधीच देऊन बसलो आहोत हे कळतसुद्धा नाही.

याच टप्प्यावर आणखी एक चौकशी अवश्य करावी लागते: आपण नेमके पाहिले काय? तिरुवनंतपुरमचे मूळ तैलचित्र, पुस्तकातील छापील पृष्ठ, की भिंतीवरचा मुद्रित रंगीत पट? रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपर येथे शिळाछापखाना काढला व तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तेथील ओलिओग्राफ छापताना रंगागणिक निराळा दगड वापरीत, आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर व्हार्निशचा हात देत. असल्या मुद्रणात छायेच्या सूक्ष्म पायऱ्या बुजतात आणि व्हार्निशची चकाकी मात्र डोळ्यांत भरते. ‘तेलकट चकाकी’ हा जो आरोप विद्यार्थी चित्रकाराच्या कुंचल्यावर ठेवतात तो पुष्कळदा छापखान्याच्या व्हार्निशवर ठेवावयास हवा. तेव्हा मुद्देमाल कोणता, हे निबंधाच्या आरंभीच नमूद झाले पाहिजे. आणि केवळ छापील प्रत पाहिली असेल तर रंगलेपनाविषयी मत देऊ नये, रचनेविषयी खुशाल द्यावे.

यानंतर प्रतिपक्षाची कैफियत. येथे मी चाहत्याची बाजू मांडतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतला कुशाचे टोक पायाला रुतल्याचे आणि वल्कल फांदीत अडकल्याचे सांगून रेंगाळते, आणि दुसऱ्या अंकात राजा तीच हकीकत विदूषकापाशी मोठ्या कौतुकाने उगाळतो. नाटकाला दोन अंक मिळतात, चित्राला एकच क्षण. अशा वेळी चित्रकाराने राजाला चौकटीबाहेर ठेवले आणि केवळ मानेच्या वळणाने त्याचे अस्तित्व सिद्ध केले, ही युक्ती सामान्य नव्हे. बहाणा हातापायांत आहे आणि सत्य दृष्टीत आहे, आणि दोन्ही एकाच शरीरात एकाच वेळी दिसतात, जे रंगभूमीवर नटीलाही अवघड जाते. ही कैफियत वाचून चाहता म्हणाला पाहिजे की, मला हेच म्हणावयाचे होते, पण इतके नीट साधले नसते. तो तसे म्हणत नसेल तर पूर्वपक्ष कच्चा आहे, आणि कच्च्या पूर्वपक्षाचे खंडन करणे म्हणजे गवताच्या पैलवानाशी कुस्ती खेळणे होय.

कैफियतीकडे दुर्लक्ष झाले म्हणजे थोर व्यक्तींच्या हातूनही काय होते, याचा दाखला याच चित्रकाराच्या बाबतीत उपलब्ध आहे. शकुंतलेच्या पत्रलेखनाच्या चित्रात नायिका जमिनीवर लांब पडून कमलपत्रावर लिहिते, ही शरीरस्थितीच भगिनी निवेदितांना अशोभनीय वाटली आणि त्यांनी चित्रावर कडक टीका केली. आता कालिदासाच्या तिसऱ्या अंकात पाहावे तर मदनबाधेने क्षीण झालेली शकुंतला फुले अंथरलेल्या शिळेवर पहुडलेलीच आहे, आणि कमलपत्रावर नखाने अक्षरे उमटविण्याची कल्पनाही तेथलीच. शिळेऐवजी जमीन का, असे विचारता आले असते, आणि तो प्रश्न चित्रकाराला बांधणारा ठरला असता. परंतु पहुडणे हाच अपराध ठरवायचा तर समन्स कालिदासावर बजवावे लागते. राष्ट्रीय कला कशी असावी याविषयीची निवेदितांची तळमळ खरी होती, यात शंका नाही. ती तळमळच येथे विघ्न झाली.

आता माझा निकाल. माझ्या अप्रीतीचा एक हिस्सा मी काढून टाकतो. हे चित्र छापील प्रतींतून इतक्या भिंतींवर पाहिले आहे की त्याकडे नव्या नजरेने पाहणे मला कठीण जाते. हे विघ्न माझ्या घरचे, त्याचा बोजा चित्रावर नको. वल्कलाऐवजी वस्त्र नेसविले, हा आरोपही मी सोडून देतो. वल्कलाचा उल्लेख नाटकात आहे हे खरे, पण चित्रकार कवीचा नक्कलकारकून नसतो. उरतो तो आरोप असा: बहाण्याचे सौंदर्य तो क्षणभरात निसटून जाण्यात आहे, आणि येथे ते शरीर निसटत नाही. पाऊल, हात, मान अशी तिन्ही अंगे पूर्ण सुस्पष्ट, सारख्याच आस्थेने रंगविलेली आणि पाहणाऱ्याकडे उलगडून ठेवलेली आहेत. त्यामुळे ज्या सख्यांना फसवायचे आहे त्या तरी फसल्या कशा, असा प्रश्न पडतो. मागचे वन आकृतींना वेढीत नाही, पडद्यासारखे पाठीमागे लोंबते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आले होते, आणि रंगविलेल्या पडद्यापुढे पात्रांनी आकर्षक रीतीने उभे राहावे ही दृष्टी त्या काळच्या हवेतच होती, हे मला मान्य आहे. परंतु काळाची सबब दोषाचे कारण सांगते, दोष पुसत नाही. प्रतिपक्षाने ज्या मानेच्या वळणाची एवढी थोरवी गायिली, ते वळण मला कबूल आहे. त्या वळणाला उरलेल्या चित्राने साथ दिली नाही, ही माझी फिर्याद आहे, आणि ती या चित्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येणार नाही.

असे निबंध तपासताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. पूर्वपक्ष लिहिता लिहिता काही विद्यार्थ्यांचे मतच पालटते, आणि परीक्षकाला त्याचे कौतुक वाटून हात सैल सुटतो. मतपरिवर्तनासाठी एकही गुण जास्त देऊ नये. ज्याची नावड अखेरपर्यंत तशीच कायम राहिली, पण जो ती चित्रातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून सिद्ध करू शकला, त्याची उत्तरपत्रिका त्याच मापाने मोजली जावी.