लॅक्टेट नॉर्मल, पण कोणते?

एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू या. काही वर्षांपूर्वी त्याच्या लहान आतड्याचा बराच भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला आहे. एरवी तब्येत बरी असते. एका दुपारी लग्नाच्या पंगतीत तो भात, बटाटा आणि जिलेबी मनसोक्त खातो. संध्याकाळी त्याची जीभ जड होते, चालताना तोल जातो, बोलण्याचा ताळमेळ राहत नाही. घरच्यांना वाटते, हा पिऊन आला. तो शपथेवर नाही म्हणतो, तरी कोणाचा विश्वास बसत नाही. रुग्णालयात तपासणी होते, तेव्हा रक्तातले आम्ल वाढलेले आढळते. साहजिकच लॅक्टेटची चाचणी केली जाते आणि अहवाल येतो: नॉर्मल.

हा प्रसंग कल्पित असला, तरी आजार खरा आहे. अशा रुग्णाचे पहिले वर्णन वैद्यकीय साहित्यात 1979 मध्ये आले. त्याच्या रक्तातले आम्ल लॅक्टिकच असते आणि चाचणी करणारे यंत्रही बिघडलेले नसते. चूक होते ती लॅक्टिक आम्ल एकच आहे, असे गृहीत धरण्यात. लॅक्टिक आम्ले दोन असतात आणि त्यांच्यात उजव्या आणि डाव्या हाताइतका फरक असतो.

हा फरक रसायनशास्त्राच्या वर्गात स्लाइडवर शिकवला जातो. कार्बनच्या भोवती चार रेघा, बाजूला आरसा, वर आर आणि एस ही अक्षरे. विद्यार्थी नियम पाठ करतात, परीक्षेत अक्षर लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्या अक्षरातून काय कळते आणि काय कळत नाही, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

लॅक्टिक आम्लाचा रेणू अगदी छोटा आहे. त्यात तीन कार्बन असतात. मधल्या कार्बनला चार गोष्टी जोडलेल्या असतात: एक हायड्रोजन, एक हायड्रॉक्सिल म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, एक आम्लगट आणि एक मिथाइल गट. चारही वेगवेगळ्या. कागदावर त्या एका पातळीत दिसतात, पण प्रत्यक्षात त्या चार कोपऱ्यांच्या त्रिकोणी मनोऱ्यासारख्या चार दिशांना पसरलेल्या असतात.

हे घरी करून पाहता येते. उकडलेल्या बटाट्यात चार दिशांना चार टूथपिक खोचावेत. एकाच्या टोकाला द्राक्ष, दुसऱ्याला मटाराचा दाणा, तिसऱ्याला मनुका, चौथ्याला शेंगदाणा लावावा. हा बटाटा आरशासमोर धरून आत जसा दिसतो तसाच दुसरा बटाटा तयार करावा. आता दोन्ही बटाटे कसेही फिरवले, तरी चारही दाणे एकाच वेळी जुळत नाहीत. दोन जुळवले की उरलेल्या दोघांची अदलाबदल झालेली दिसते. ज्या कार्बनमुळे असे घडते त्याला कायरल केंद्र म्हणतात. ग्रीक भाषेत हाताला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले.

आता मनुका काढून तिथे दुसरा शेंगदाणा लावावा आणि दोन्ही बटाट्यांवर हाच बदल करावा. फरक तत्क्षणी संपतो, दोन्ही बटाटे तंतोतंत जुळतात. ग्लायकोलिक आम्लात नेमके हेच आहे. तिथे मिथाइलच्या जागी दुसरा हायड्रोजन असतो, म्हणून ग्लायकोलिक आम्लाला उजवे-डावे नाही. चारही वेगळे असणे ही अट अशी साधी, पण काटेकोर आहे.

लॅक्टिक आम्लाने या विषयाच्या जन्मातही वाटा उचललेला आहे. आंबलेल्या दुधातले लॅक्टिक आम्ल शेले यांनी 1780 मध्ये ओळखले, तर 1807 मध्ये बर्झेलियस यांना ते स्नायूंतही सापडले. पुढे विस्लिसेनस यांनी दाखवून दिले की, दोन्हींमधले अणू त्याच क्रमाने जोडलेले आहेत, तरी ते पदार्थ एक नाहीत. म्हणजे फरक अवकाशातल्या मांडणीतच असला पाहिजे. 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे त्या मांडणीचे चित्र दिले. कार्बनचे चार हात मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांकडे जातात, हे ते चित्र.

मग प्रश्न उरला नावाचा. दोन हात वेगळे आहेत हे कळले, पण फोनवरून दुसऱ्याला कोणता ते कसे सांगायचे? त्यासाठी कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला एक नियम घालून दिला. चार गटांना मान द्यायचा तो अणुक्रमांकाने. कार्बनला थेट जोडलेला अणू जितका वरच्या क्रमांकाचा, तितका त्याचा मान मोठा.

लॅक्टिक आम्लात ऑक्सिजनचा क्रमांक 8, कार्बनचा 6 आणि हायड्रोजनचा 1. म्हणून हायड्रॉक्सिल पहिला आणि हायड्रोजन शेवटचा. मधल्या दोन जागांसाठी आम्लगट आणि मिथाइल यांच्यात बरोबरी होते, कारण दोन्हीकडे आधी कार्बनच भेटतो. अशा वेळी एक पाऊल पुढे जाऊन त्या कार्बनला काय जोडले आहे ते पाहायचे. आम्लगटाच्या कार्बनकडे ऑक्सिजन आहेत, मिथाइलच्या कार्बनकडे नुसते हायड्रोजन. तेव्हा आम्लगट दुसरा, मिथाइल तिसरा.

आता गाडीचे स्टीअरिंग आठवावे. शेवटचा मान असलेला हायड्रोजन हा स्टीअरिंगचा दांडा, म्हणजे तो पाहणाऱ्यापासून लांब गेलेला. उरलेले तिघे चाकावर. पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे जाताना चाक घड्याळाच्या दिशेने फिरले तर अक्षर आर, उलट फिरले तर एस. ही दोन अक्षरे उजव्या आणि डाव्या बाजूसाठीच्या लॅटिन शब्दांवरून घेतलेली आहेत. स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल एस आहे. जुन्या पद्धतीत त्यालाच एल म्हणतात आणि दवाखान्यात तेच नाव चालते. त्याचे आरशातले भावंड आर, म्हणजेच डी.

इथे एक गल्लत हमखास होते. एल म्हणजे नेहमी एस, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रथिनांतल्या सेरिन आणि सिस्टिन या दोन अमिनो आम्लांनी तो खोटा ठरतो. दोघांची मांडणी एकाच हाताची, दोघेही एल. फरक इतकाच की, सेरिनच्या बाजूच्या शेपटीत जिथे ऑक्सिजन आहे तिथे सिस्टिनमध्ये गंधक आहे. गंधकाचा क्रमांक 16 असल्याने ती शेपटी आम्लगटाच्या पुढे जाऊन बसते, मानाचा क्रम बदलतो आणि अक्षर एसचे आर होते. हात तोच, अक्षर दुसरे. सर्दी-ॲलर्जीवरच्या लेव्होसेटिरिझिनचेही तसेच. त्यातला लेव्हो म्हणजे डावा, कारण तो पदार्थ प्रकाशाचे विशिष्ट प्रतल डावीकडे वळवतो. पण नियमाने त्याचे अक्षर आर, म्हणजे उजवे, येते.

याचा अर्थ अक्षर निरुपयोगी आहे असा नाही. ते घराच्या पत्त्यासारखे आहे. पत्त्यावरून घर नेमके सापडते, पण आत राहणारा कसा वागेल ते कळत नाही. ते प्रत्येक वेळी तपासूनच पाहावे लागते. आणि नेमकी इथे त्या रुग्णाची गोष्ट पुन्हा सुरू होते.

आतडे आखूड झाल्यामुळे पिष्ट आणि साखर पुरती न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले काही जिवाणू त्यावर ताव मारतात आणि डी-लॅक्टिक आम्ल बनवतात. दह्यातले काही जिवाणूही हे करतात. निरोगी माणसाच्या शरीरात त्याचा निचरा होतो, म्हणून वाटीभर दह्याने कोणी झिंगत नाही. या रुग्णात मात्र आवक इतकी मोठी असते की, निचरा पुरा पडत नाही आणि डी रूप रक्तात साठते.

आम्ल म्हणून डी आणि एल यांची ताकद अगदी सारखी आहे. त्यामुळे रक्त आम्लधर्मी होतेच. चाचणी मात्र आम्लता मोजत नाही. ती लॅक्टेट डिहायड्रोजनेज नावाच्या विकरासारख्या एखाद्या विकरावर चालते आणि चाचणीत वापरले जाणारे विकर एल रूपच ओळखते. डाव्या हाताच्या मोज्यात उजवा हात नीट बसत नाही, तसे डी रूप त्याच्या खोबणीत बसत नाही. जे बसत नाही ते मोजलेही जात नाही.

संशय कसा घ्यायचा? समजा अहवालात सोडियम 140, क्लोराइड 102 आणि बायकार्बोनेट 12 आहे. सोडियममधून बाकीचे दोन वजा केले की 26 उरतात. ही दरी साधारण 12 च्या आत असते. म्हणजे न मोजलेले काहीतरी आम्ल रक्तात नक्की आहे. लॅक्टेट 1.2, मूत्रपिंडे ठीक, कीटोन नाहीत, मद्य नाही, आणि रुग्णाचे आतडे आखूड. अशा वेळी डी-लॅक्टेट वेगळे मागवायला हवे. त्यासाठी डी रूप ओळखणारे जिवाणूंचे विकर लागते आणि ती सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. निदान झाले की उपाय अवघड नाहीत. पिष्ट आणि साखर कमी करणे, रक्तातली आम्लता सावरणे आणि गरज पडल्यास आतड्यातल्या जिवाणूंवर प्रतिजैविक देणे.

म्हणून दोन छोट्या सुधारणा व्हायला हव्यात. पहिली प्रयोगशाळांच्या अहवालात. जे मोजले ते एल-लॅक्टेट असेल, तर नुसते लॅक्टेट न छापता एल-लॅक्टेट छापावे. एका अक्षराचा खर्च काहीच नाही, पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला त्यातून आठवण होईल की, दुसरे रूप तपासायचे राहिले आहे. यावर कोणी म्हणेल की, इतक्या दुर्मीळ आजारासाठी सगळ्यांचे अहवाल का बदलायचे? पण नवी चाचणी करा असे इथे कोणी म्हणत नाही. जे मोजले त्याचे नाव पूर्ण लिहा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी सुधारणा वर्गातली. लॅक्टिक आम्लाची स्लाइड दाखवून अक्षर काढायला शिकवल्यावर त्याखाली हा अहवालही दाखवावा आणि विचारावे, चाचणीने काय मोजले नाही? त्या वर्गातले काही जण उद्या औषधे बनवतील, काही चाचण्या बसवतील, काही रुग्णाच्या उशाशी उभे राहतील. तोल जाणारा माणूस मी प्यायलो नाही म्हणत असेल, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे शास्त्रीय कारण त्यांच्यापाशी असेल.