गाडीचा ‘ऑटो’ रुसला तर...

गेल्या जुलैमध्ये ताईचा नोएडाहून फोन आला. “अगं, मीटरमध्ये पिवळा दिवा लागलाय. भर दुपारी हेडलाइट आपोआप चालू झालेत आणि पाऊस पडतोय तरी वायपर हलत नाहीत. दोन्ही एकदम बिघडले का गं?”

तुमच्या गाडीतही वायपरच्या दांडीवर आणि लाइटच्या बटणावर ‘AUTO’ असं लिहिलेलं असेल, तर हा प्रश्न कधीतरी तुमच्यासमोरही येऊ शकतो. वायपर आणि हेडलाइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही एकाच क्षणी बिघडणं अवघड, पण दोघांना हुकूम देणारा डोळा बऱ्याच गाड्यांमध्ये एकच असतो. हा डोळा आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला चिकटलेला असतो. गाडीबाहेर उभं राहून पाहिलंत तर काचेच्या वरच्या भागात मधोमध एक लहानसा काळसर चौकोन किंवा गोल दिसेल. तोच तुमचा रेन आणि लाइट सेन्सर.

पाऊस कसा कळतो?

हा सेन्सर पावसाचे थेंब बघत नाही. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तिरका करून काचेत सोडतो. काच बाहेरून कोरडी असेल तर जवळजवळ सगळा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो. काचेवर पाणी आलं की त्यातला काही प्रकाश पाण्यातून बाहेर निसटतो. जितका कमी प्रकाश परत येईल तितका पाऊस जास्त, असा हिशेब करून वायपरचा वेग ठरतो.

हा प्रकाश काचेत नीट शिरावा म्हणून सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची पातळ गादी असते. तिथे हवेचा बुडबुडा राहिला तर हिशेब चुकतो. उन्हाने बुडबुडा फुगला की सेन्सरला वाटतं पाऊस आला, आणि कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र फिरू लागतात. बाहेरून काचेवर चिकट धूळ, वॅक्सचा थर किंवा ओरखडा असेल तरी असंच होतं.

लाइटचं काम त्याहून सोपं आहे. सेन्सरचा दुसरा भाग बाहेर उजेड किती आहे ते मोजतो. अंधारलं किंवा गाडी बोगद्यात शिरली की हेडलाइट लागतात.

कोणता दिवा काय सांगतो?

मीटरमधला हिरवा हेडलाइटचा दिवा म्हणजे लाइट चालू आहेत, एवढंच. ती तक्रार नाही. निळा दिवा हाय बीमचा. पिवळ्या बल्बच्या चित्रावर उद्गारचिन्ह असेल तर बहुतेक गाड्यांमध्ये बाहेरचा एखादा बल्ब गेलेला असतो. वायपर किंवा काचेचं पिवळं चित्र, किंवा पडद्यावर सेन्सर तपासण्याची सूचना आली, तर तक्रार बहुधा त्या डोळ्याची असते. कंपनीगणिक चित्रं थोडी बदलतात, म्हणून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातलं दिव्यांचं पान एकदा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

ताईला मी सांगितलं, “आधी गाडी बाजूला घे. मग दोन्ही ‘AUTO’ काढ आणि हाताने चालू करून बघ.” तिने दांडी साध्या वेगावर नेली, वायपर मस्त फिरले. लाइटचं बटण फिरवलं, हेडलाइट नीट बंद-चालू झाले. म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक, बल्ब ठीक. बिघडला होता तो फक्त हुकूम देणारा. दांडी फिरवूनही वायपर हलले नसते, तर मात्र फ्यूज, मोटर किंवा खालचे सांधे तपासावे लागले असते आणि पावसात ती गाडी पुढे नेणं धोक्याचं ठरलं असतं.

मग दुपारी हेडलाइट का लागले? उजेडाची खबर मिळेनाशी झाली की अनेक गाड्या अंधार आहे असंच धरून चालतात. लाइट उगाच चालू राहिले तर फारसं बिघडत नाही, पण रात्री लागलेच नाहीत तर अपघात होईल, असा त्यामागचा विचार.

काच बदलली आणि...

गाडी वर्कशॉपमध्ये गेल्यावर खरी गोष्ट कळली. तीन आठवड्यांपूर्वी यमुना एक्सप्रेसवेवर खडा उडून काच तडकली होती आणि ताईने ती एका दुकानात बदलून घेतली होती. जुना फास्टॅग काढताना फाटतो, म्हणून नवा घ्यायची आठवण तिला सगळ्यांनी केली. जेलच्या गादीचं नाव कुणी काढलं नाही. दुकानदाराने जुनीच गादी पुन्हा चिकटवली होती, तिच्यात बुडबुडे होते. शिवाय सेन्सरचा प्लग पूर्ण बसलेला नव्हता.

आता ताईला आठवलं, काच बदलल्यापासून वायपर उन्हात मध्येच फिरत होते. तेव्हा दिवा लागला नव्हता. हे लक्षात ठेवा. सेन्सर चुकीचं पाहत असेल तर गाडीला ते कळतंच असं नाही. प्लग सुटून सेन्सरचा संपर्क तुटला, तेव्हाच दिवा पेटला. नवी गादी लावून, प्लग बसवून, गाडीच्या संगणकातला जुना दोष पुसल्यावर सगळं सुरळीत झालं.

काच बदलताना दोन गोष्टी विचारा : ही काच सेन्सरवाल्या गाडीचीच आहे ना, आणि गादी नवी लावणार ना? मग दुकानातच तपासणी करा. गाडी चालू ठेवून वायपर ‘AUTO’वर न्या, सेन्सरच्या जागी बाहेरून बाटलीने पाणी फवारा, वायपर फिरायला हवेत. हात लांब ठेवा. मग लाइट ‘AUTO’वर ठेवून त्याच जागी बाहेरून जाड काळं कापड धरा. काही सेकंदांत हेडलाइट लागायला हवेत. गाडी धुवायला देताना मात्र वायपरचा ‘AUTO’ आठवणीने बंद करा, नाहीतर काच पुसणाऱ्याच्या हातावर वायपर येईल.

धुक्यात दिवा गप्प राहतो

आता दिल्लीकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुकं इतकं दाट असतं की पुढची गाडी दिसत नाही, पण आकाश पांढरं उजळलेलं असतं. साधा सेन्सर उजेड मोजतो, किती लांबचं दिसतं ते मोजत नाही. त्याच्या लेखी दिवस उगवलेला आहे, म्हणून तो हेडलाइट लावत नाही. कसलाही दिवा पेटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

तुम्हाला पुढे दिवसा जळणारे छोटे लाइट दिसतात आणि वाटतं, लाइट चालू आहेत. पण अनेक गाड्यांमध्ये त्यांच्यासोबत मागचे लाल लाइट लागत नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसतच नाही.

म्हणून धुक्यात बटण ‘AUTO’वरून काढून हाताने लो बीमवर न्या आणि मीटरमधला हिरवा दिवा बघा. तो दिसला की मागचे लाइटही लागलेले असतात. हाय बीम टाळा, तो प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. गाडीला फॉग लाइट असतील तर तेही लावा.

ताई आता हिवाळ्यात सकाळी निघताना भाचीला एकदा गाडीच्या मागे उभं करते. “मावशी, लाल दिवे लागले!” असं ती ओरडली की मगच गाडी फाटकाबाहेर निघते.