‘किती एमएल देऊ?’

दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर निरोप टाकला की क्षणात उत्तर येते, ही सोय आता छोट्या शहरांतल्या दवाखान्यांतही दिसू लागली आहे. वेळ, पत्ता, तपासणी फी, डॉक्टरांची सुट्टी एवढ्यापुरते हे उत्तर यंत्राने दिले तर कोणाचीच तक्रार असू नये. पण आजारी माणूस पत्ता विचारून थांबत नाही. आई विचारते, ‘बाळाला ताप आहे, पॅरासिटामॉल किती एमएल देऊ?’ या प्रश्नाला यंत्राने एक अक्षरही उत्तर देऊ नये आणि तो जागत्या माणसापर्यंत पोहोचलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

का, ते या प्रश्नातच पाहावे. बाळ आठ किलोचे धरू. प्रति किलो १५ मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने त्याला १२० मिलिग्रॅम औषध लागते. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते पाच मिली होतात आणि पाच मिलीत २५० असलेल्या सिरपचे अडीचपेक्षा थोडे कमी. लहान बाळांसाठीच्या थेंबांत मात्र सहसा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे सव्वा मिलीही द्यायचे नाही. थेंबांची बाटली हातात असलेल्या आईला ‘पाच मिली’ असे उत्तर गेले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाईल, हव्या त्याच्या चौपट. उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर असूनही हे घडते, कारण बाटली कोणती आणि वजन किती हे कोणी विचारलेलेच नसते. शिवाय बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर प्रश्न मात्रेचा उरतच नाही. त्याला लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते.

यावर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा तोडगा ठरलेला असतो: ताप, उलटी, चक्कर अशा शब्दांची यादी करा, ते दिसले की निरोप माणसाकडे जाईल. ही यादी कधीच पुरी होत नाही. लोक ‘tap alay’ असे रोमन लिपीत लिहितात, ‘अंग गरम लागतंय’ म्हणतात, नुसता पुरळाचा फोटो पाठवतात. त्यातही फसवा निरोप असा असतो: ‘उद्या डॉक्टर आहेत का? बाळ सकाळपासून दूध पीत नाही.’ यंत्राला पहिले वाक्य कळते, ते ‘दहा ते एक’ असे उत्तर देऊन मोकळे होते आणि दुसरे वाक्य तसेच पडून राहते. म्हणून नियम उलटा हवा. यादी करायची ती यंत्राने काय सांगावे याची, चार-पाच गोष्टींची. त्यात न बसणारा आणि अर्धा बसणाराही प्रत्येक निरोप जसाच्या तसा माणसाकडे जावा.

पोच द्यायला हरकत नाही, पण तिचे शब्द जपून लिहावेत. ‘काळजी करू नका’ हा न तपासता दिलेला वैद्यकीय सल्लाच आहे. ‘लवकरच संपर्क करू’ हे वाचून आई रात्रभर वाट पाहील. ‘तुमचा निरोप अजून कोणी वाचलेला नाही, श्वास लागत असेल, फिट आली असेल किंवा बाळ उठत नसेल तर १०८ ला फोन करा’ एवढे सरळ लिहावे.

मग निरोप जातो कोणाकडे? ‘स्टाफकडे’ म्हटले की तो कोणाकडेच जात नाही. प्रत्येक पाळीला एकाच व्यक्तीचे नाव हवे. तिने दहा मिनिटांत निरोप घेतला नाही तर तो आपोआप पुढच्या नावावर आणि तिथून डॉक्टरांच्या फोनवर गेला पाहिजे. ‘पाहिला’ आणि ‘घेतला’ यांत फरक करावा. ग्रुपवर निळ्या खुणा सगळ्यांच्या उमटतात आणि फोन कोणीच करत नाही. रिसेप्शनवरच्या ताईंनीही मात्रा सांगू नये. वय, वजन आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो घेऊन त्यांनी डॉक्टरांना द्यावा आणि उत्तर फोनवरून जावे. मार्च २०२० मधल्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणांना रुग्णाला सल्ला द्यायला किंवा औषध लिहून द्यायला मनाई केली आहे. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे. यंत्राने डॉक्टरांना मदत करावी, एवढीच मुभा आहे.

एक डॉक्टर आणि एक मदतनीस असलेल्या दवाखान्याला रात्रीची पाळी परवडणार नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण मग रात्री नऊनंतर पोचेतच ‘हा क्रमांक सकाळपर्यंत पाहिला जाणार नाही’ असे यावे, सोबत जवळच्या चोवीस तास उघड्या रुग्णालयाचा फोन असावा आणि सकाळी पहिल्या रुग्णाला आत बोलावण्याआधी रात्रीचे निरोप वाचून त्या घरी फोन जावा.